गोडाऊनमधली तूट आणि शिफारसपत्राचा कागद

कात्रज-कोंढवा रस्त्यावरच्या गोडाऊनमधून एखादा स्टोअरकीपर नोकरी सोडतो, तेव्हा मालकाकडे तो बहुधा दोन कागद मागतो. एक अनुभवाचा दाखला: कधीपासून कधीपर्यंत, कोणत्या पदावर. दुसरे शिफारसपत्र: माणूस कसा होता. पहिला कागद पाच मिनिटांत निघतो. दुसऱ्याला मालक आठवडाभर ‘उद्या देतो’ म्हणतो, आणि त्यामागे दरवेळी आळस असतो असे नाही.

एक प्रसंग कल्पून पाहू. विजेच्या सामानाचे गोडाऊन. १ जुलै २०१९ रोजी एक मुलगा हेल्पर म्हणून लागला, २०२१ मध्ये स्टोअरकीपर झाला, महिन्याची नोटीस देऊन ३१ डिसेंबर २०२३ रोजी बाहेर पडला. फुल अँड फायनल चुकते झाले. मात्र त्याच वर्षी मार्चअखेर स्टॉक मोजला, तेव्हा तांब्याच्या केबलची नऊ बंडले कमी भरली होती. किल्ल्या तिघांकडे होत्या. मालकाचा संशय याच्यावर होता. पण त्याने ना लेखी खुलासा मागितला, ना पोलिसांत तक्रार दिली. ‘जाऊ दे, सीझनचे दिवस आहेत,’ म्हणून विषय तिथेच राहिला. आता चाकणच्या एका कंपनीचा फॉर्म आला आहे. त्यात कालावधी आणि पद यांच्या खाली दोन रकाने आहेत: ‘प्रामाणिकपणा: उत्तम, चांगला, असमाधानकारक’ आणि ‘या व्यक्तीला पुन्हा कामावर घ्याल का?’

मालकाच्या मनात पहिले उत्तर येते ते ‘असमाधानकारक’. आपण खोटे कुठे बोलतोय, असे त्याला वाटते. पण कायद्याच्या लेखी हे ‘खरे’ अजून खरे ठरलेलेच नाही. नऊ बंडले कमी होती, हे खरे. ती याने नेली, हा मालकाचा तर्क. शिवाय भारतात बदनामी हा दिवाणी वादाचा विषय आहे तसा फौजदारी गुन्हाही आहे. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली येतो. त्याआधी भारतीय दंड संहितेची कलमे ४९९ आणि ५०० होती. दिवाणी दाव्यात विधान खरे असल्याचे सिद्ध केले की बचाव पुरा होतो. फौजदारीत तेवढ्यावर भागत नाही. विधान खरे असायला हवेच, पण ते करणे लोकहिताचेही असावे लागते. ‘मी खरे तेच लिहिले’ एवढ्या आधारावर निर्धास्त राहणाऱ्या बऱ्याच मालकांना हा फरक माहीत नसतो.

अर्थात कायद्याने व्यापाऱ्याचे तोंड बांधलेले नाही. आपल्या किंवा दुसऱ्याच्या हिताच्या रक्षणासाठी सद्भावनेने केलेले विधान बदनामीतून वगळले आहे, आणि त्यासाठी कायद्यातच एक दुकानदाराचे उदाहरण दिले आहे. हा दुकानदार आपला धंदा पाहणाऱ्या माणसाला सांगतो की, अमक्याने रोख पैसे दिल्याशिवाय त्याला माल देऊ नकोस, त्याच्या सचोटीविषयी माझे मत चांगले नाही. दुकानदार हे सद्भावनेने बोलला असेल, तर तो सुटतो. कात्रजच्या मालकाला हे उदाहरण आपलेच वाटेल. अडचण ‘सद्भावना’ या अटीत आहे. मनात द्वेष नसणे एवढ्यावर ती पुरी होत नाही. जे योग्य काळजी आणि लक्ष न देता केले किंवा मानले, ते सद्भावनेने केले असे कायदा म्हणत नाही. मार्चमध्ये ज्याने तिन्ही किल्लीवाल्यांना साधा लेखी प्रश्न विचारला नाही, त्याने डिसेंबरनंतर एकट्याच्या नावापुढे ‘असमाधानकारक’वर खूण केली, तर योग्य काळजी घेतल्याचे तो कशावरून दाखवणार?

या बाबतीत गाजलेला निकाल इंग्लंडचा आहे. ग्रॅहम स्प्रिंग हा विमा विकणारा माणूस गार्डियन अ‍ॅश्युरन्सशी जोडलेल्या कंपनीतून बाहेर पडला आणि दुसऱ्या कंपनीकडे गेला. त्या क्षेत्राच्या नियमांनुसार नव्या कंपनीने जुन्यांकडून पत्र मागवले. त्याच्यात सचोटी जवळजवळ नाहीच, अशा आशयाचा मजकूर त्यात आला आणि नोकरी हुकली. स्प्रिंगने दावा लावला. पत्र लिहिणाऱ्यांच्या मनात दुष्ट हेतू नव्हता, त्यामुळे दुष्ट हेतूने खोटे विधान केल्याचा दावा टिकला नाही. तरीही १९९४ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने चार विरुद्ध एक मतांनी ठरवले की, माजी कर्मचाऱ्याविषयी पत्र देताना मालकाने वाजवी काळजी घेतली पाहिजे, आणि ती न घेतल्याने नुकसान झाले तर भरपाई द्यावी लागते. हा निकाल भारतीय न्यायालयांवर बंधनकारक नाही. पण पत्र लिहिणाऱ्याचे मन स्वच्छ आहे का, हा एक प्रश्न आणि त्याने फाइल उघडून पाहिली का, हा दुसरा, एवढे त्यातून स्पष्ट दिसते.

मग मालक दुसऱ्या टोकाला जातो. पोरगा चार पैसे जास्त कमावतोय, कशाला आडवे यायचे? ‘उत्तम’वर खूण, खाली सही-शिक्का. ही दयाबुद्धी आपल्याकडे फार बोकाळलेली आहे, आणि नको असलेला माणूस लवकर जावा म्हणून लिहिलेली गोड पत्रेही त्यातच मोडतात.

स्तुतीची किंमत काय असू शकते, हे कॅलिफोर्नियातल्या एका खटल्यात दिसले. तिथल्या एका शिक्षकावर आधीच्या शाळांमध्ये विद्यार्थिनींशी गैरवर्तनाचे आरोप झाले होते. तरी त्या शाळांच्या अधिकाऱ्यांनी त्याला भरभरून शिफारसपत्रे दिली. पुढे तो दुसऱ्या शाळेत उपमुख्याध्यापक झाला आणि तेरा वर्षांच्या एका विद्यार्थिनीने त्याच्यावर अत्याचाराचा आरोप केला. तिने जुन्या शाळांवरही दावा लावला. १९९७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो चालू शकतो असे म्हटले. न्यायालयाचा तर्क बारकाईने पाहण्याजोगा आहे. जुन्या शाळा काहीच न लिहिता गप्प बसल्या असत्या, तर गोष्ट वेगळी होती. त्यांनी चांगली बाजू रंगवून सांगितली आणि त्याच विषयातली वाईट बाजू दाबली. अर्धे सत्य इथे दिशाभूल ठरले. न्यायालयाने ही जबाबदारी शारीरिक इजेच्या धोक्यापुरती राखली, त्यामुळे केबलच्या बंडलांना ती जशीच्या तशी लागू होत नाही. पण मुलांची शाळाबस चालवणारा, वृद्धांची शुश्रूषा करणारा किंवा रात्रपाळीचा वॉचमन यांच्याविषयी लिहिताना हा खटला आठवायला हवा.

राहिला तिसरा मार्ग: त्या रकान्यावर बोलायचेच नाही. इंग्लंडच्या न्यायालयांनी पत्र संपूर्ण असलेच पाहिजे असा आग्रह धरलेला नाही. ते खरे, अचूक आणि न्याय्य असावे, एवढेच ते म्हणतात. म्हणूनच अनेक मोठ्या कंपन्या तारखा आणि पद यांपलीकडे एक अक्षर लिहीत नाहीत. हे धोरण सुरक्षित आहे, मात्र ते सगळ्यांना सारखे लावले पाहिजे. आधीच्या तिघांना पानभर कौतुक आणि चौथ्याला दोन ओळी, असे झाले तर त्या दोन ओळीच आरोप करतात. जर्मनीत मालकाने कर्मचाऱ्याला दाखला द्यावाच लागतो आणि त्यात छुपे संकेत पेरायला कायद्याची मनाई आहे. तरी ‘समाधान’ आणि ‘पूर्ण समाधान’ यांतला फरक तिथले एचआरवाले बरोबर वाचतात. आपल्याकडे तो फरक पत्राच्या लांबीवरून वाचला जातो.

तर कात्रजच्या मालकाने लिहायचे काय? फॉर्मवर खुणा करण्याऐवजी तो स्वतःच्या लेटरहेडवर, चाकणच्या कंपनीच्या एचआर विभागाच्या नावाने असे लिहू शकतो: ‘सदर व्यक्ती आमच्याकडे १ जुलै २०१९ ते ३१ डिसेंबर २०२३ या काळात, प्रथम हेल्पर व २०२१ पासून स्टोअरकीपर म्हणून कामावर होती. मालाची आवक-जावक नोंदवणे व चलन तयार करणे ही त्यांची कामे होती. त्यांनी स्वतःहून राजीनामा दिला, नोटीस कालावधी पूर्ण केला. त्यांच्यावर शिस्तभंगाची कोणतीही कारवाई झालेली नाही. स्वभाव व सचोटीविषयी मत देण्याची आमच्याकडे पद्धत नाही.’

या मजकुरातले ‘कारवाई झालेली नाही’ हे वाक्य खरे आहे, तरी ते घालायचे की नाही याचा मालकाने विचार करावा. वाचणारा त्यातून ‘काही घडलेच नाही’ असा अर्थ काढू शकतो. प्रस्तुत लेखकाच्या मते, कंपनीने तसा थेट प्रश्न विचारला असेल तरच ते लिहावे. शेवटचे वाक्यही मालक खरेच कोणाविषयी असे मत देत नसेल, तरच शोभते. तारखांचे म्हणाल, तर पीएफच्या नोंदीतली नोकरी सोडल्याची तारीख आणि पत्रातली तारीख जुळवून पाहावी. तिथे महिन्याचा फरक दिसला की पडताळणी करणारा आधी उमेदवारावरच संशय घेतो. ‘जो कोणी संबंधित असेल त्यास’ असे मोघम पत्र तर टाळलेलेच बरे. ज्याला माहिती हवी आहे त्याच्यापुरते लिहिलेले विधान कायद्यात बचावाला सोपे असते. ज्याच्या-त्याच्या हाती पडणाऱ्या कागदाला तो आधार उरत नाही.

खरे तर हे पत्र डिसेंबरनंतर लिहायचे नव्हतेच, ते मार्चमध्ये लिहिले जात होते. मोजणीच्या तक्त्यावर दोघांच्या सह्या, तिन्ही किल्लीवाल्यांना एकाच दिवशी खुलाशाची नोटीस, त्यांची उत्तरे, गेट रजिस्टर आणि चलनांची ताडणी, आणि शेवटी मालकाचा निष्कर्ष, मग तो ‘जबाबदारी निश्चित करता आली नाही’ असा का असेना. एवढे चार-पाच कागद असते, तर मालकाला थेट प्रश्नाचे थेट उत्तर देता आले असते. चौकशी पूर्ण झालेली नसली, तरी तेही सांगता येते. लंडनच्या हॅकनी विभागातल्या नगरपरिषदेने एका माजी कर्मचाऱ्याच्या पत्रात लिहिले होते की, गैरवर्तनाच्या आरोपावरून तो निलंबित होता आणि त्याने नोकरी सोडल्यामुळे कारवाई तिथेच संपली. त्याने दावा केला, पण १९९९ मध्ये अपील न्यायालयाने पत्र अन्याय्य नसल्याचे ठरवले. पत्रात आरोप होता, निकाल नव्हता, आणि आरोपाला निकालाचे रूप दिलेले नव्हते.

पण मजकूर कितीही जपून लिहिला, तरी चाकणहून फोन येतोच. ‘साहेब, कागद बघितला. पण खरं काय ते सांगा ना, तुमच्या-माझ्यात.’ तोंडी बोललेले बदनामीत धरत नाहीत, ही समजूत चुकीची आहे. कलम ३५६ बोललेल्या आणि लिहिलेल्या शब्दांत भेद करत नाही. त्याहून घातक म्हणजे व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटोसकट टाकलेले ‘याला कोणी ठेवू नका’. तिथे दीडशे जण वाचतात, त्यातल्या बहुतेकांना तो माणूस कामावर ठेवायचाच नसतो, आणि दुकानदाराच्या त्या उदाहरणाचा आसरा घेणे अवघड होऊन बसते. फोनवर मालकाने एवढेच म्हणावे: ‘जे सांगण्यासारखं आहे ते पत्रात आहे. काही नेमकं विचारायचं असेल तर मेल करा, रेकॉर्ड बघून उत्तर देतो.’