मंगळवारी येणाऱ्या बाई

आमच्या प्रभादेवीच्या ऑफिसात लेखा विभागात नवीन सहकारी येणार होत्या. सगळ्यांना आणि त्यांनाही कळवायचं काम माझ्याकडे होतं. मी लिहिलं: ‘कळविण्यात येते की, श्रीमती अमुक या मंगळवारपासून कनिष्ठ लेखापाल म्हणून रुजू होत आहेत. वेळ सकाळी ९.३०. मूळ कागदपत्रे सोबत आणावीत. सर्वांनी नोंद घ्यावी.’

शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी ते वाचलं आणि विचारलं, ‘आल्यावर त्यांनी भेटायचं कोणाला?’

मजकुरात चूक एकही नव्हती, पण माणूसही नव्हता. ‘कळविण्यात येते’ म्हणताना कळवणारा गायब होतो. ‘नोंद घ्यावी’मुळे कोणालाच काही करावं लागत नाही. आणि जिच्याविषयी हे सगळं, तिच्याशी कोणी बोलतच नाही. सरकारी कागदात ही वाक्यरचना योग्य असेल, कारण तिथे अधिकार पदाचा असतो. स्वागत मात्र कोणीतरी करावं लागतं.

मग मी वरून ‘हार्दिक स्वागत’ घातलं, ‘आपण आता आमच्या कुटुंबातल्याच’ असंही लिहिलं. वाचून पाहिलं आणि खोडलं. आम्ही त्यांना ओळखत नव्हतो. उद्या काम जमलं नाही तर त्यांना जायला सांगणारेही आम्हीच. न पाळता येणारा शब्द पहिल्याच दिवशी देणं मला फसवणूक वाटते. त्या डोंबिवलीहून येणार, त्यांना लहान मुलगी आहे, हेही माहीत होतं. ते त्यांनी मुलाखतीत सांगितलं होतं, सगळ्या ऑफिससाठी नाही. म्हणून सर्वांच्या सूचनेत नाव, पद, बसायची जागा आणि मदत करणाऱ्या सहकाऱ्याचं नाव एवढंच ठेवलं.

त्यांना वेगळं लिहिलं:

‘नमस्कार. मंगळवारी सकाळी ९.३० ला तुम्ही येताय. मी सव्वानऊपासून खाली गेटपाशी उभा असेन. माझा फोन नंबर खाली आहे. परळला उतरलात तर रेल्वेच्या पादचारी पुलावरून प्रभादेवी स्टेशनच्या पश्चिमेला या. मंगळवारी सिद्धिविनायकाला गर्दी असते, बस अडकू शकते, म्हणून थोडं आधी निघा. उशीर झाला तरी काळजी नको, पहिला दिवस ओळखीपाळखीचाच ठेवलाय. मूळ कागदपत्रे आणा, झेरॉक्स इथे काढू. तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडेल, तेही कळवा.’

वेळ आणि कागदपत्रं पहिल्या मजकुरात होती तीच. वाढलं ते एवढंच की प्रत्येक सूचनेमागे कोणीतरी उभं राहिलं, आणि मला त्या दिवशी नेहमीपेक्षा आधीची गाडी पकडावी लागली. ती पकडणार नसतो, तर ते वाक्य लिहायचा मला अधिकार नव्हता.

नऊ वीसला त्या आल्या. हातात कागदपत्रांची फाइल, खांद्याला पिशवी. लिफ्टची वाट पाहताना त्यांनी हळूच विचारलं, ‘इथे डबा कुठे बसून खातात?’

हे लिहायचं माझ्याकडून राहूनच गेलं होतं.