टेबल हलवले कोणी?

कुठल्याही बंदीला ‘प्युरिटन’ म्हणून मोकळे होण्याची सवय आपल्या स्तंभलेखकांना लागली आहे. गृहनिर्माण संस्थेने मांसाहारी भाडेकरू नाकारला, कुणी नाटकातले वाक्य कापायला लावले, की सतराव्या शतकातल्या इंग्लंडचा दाखला तयार असतो. शब्द सैल वापरला जातो याची मला फारशी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या दाखल्यातून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाची. धर्मवेड्यांचा एक गट मातला, त्याने देश यादवीत लोटला आणि राजाचे मुंडके उडवले. म्हणून उपासनेच्या बाबतीत सरकारने सर्वांना एकच साचा घालून द्यावा आणि तंटा कायमचा मिटवावा, असा तो निष्कर्ष असतो. सिडकोच्या आराखड्यात जसा प्रार्थनास्थळाचा भूखंड आखून दिलेला असतो तशी भक्तीही आखून देता येईल, असा भाबडा विश्वास त्यामागे दिसतो. पण इंग्लंडचा इतिहास नेमका याच्या विरुद्ध साक्ष देतो. तिथे एकच साचा लादण्याचा हट्ट राजाने आणि त्याच्या आर्चबिशपने धरला. ऐंशी वर्षे कुरकुरत का होईना, पण चर्चच्या आतच राहिलेली माणसे त्या हट्टामुळे बंडखोर झाली.

आठव्या हेन्रीने रोमशी नाते तोडले, मेरीने ते जोडले, एलिझाबेथने १५५९मध्ये पुन्हा तोडले, हे सर्वांना ठाऊक आहे. एलिझाबेथची तडजोड अशी, की शिकवण बरीचशी कॅल्विनच्या वळणाची, पण बिशप, पांढरा झगा आणि छापील प्रार्थनापुस्तक जुन्या वळणाचे. ही सुधारणा अर्धवट राहिली असे ज्यांना वाटले, त्यांना विरोधकांनी प्युरिटन म्हणून हिणवले. बाप्तिस्म्याच्या वेळी क्रूसाची खूण नको, लग्नात अंगठी नको, प्रवचन अधिक हवे, अशा त्यांच्या मागण्या. १६०३मध्ये त्यांनी नव्या राजाला, पहिल्या जेम्सला अर्ज केला. १६०४मध्ये हॅम्प्टन कोर्टला बैठक झाली. पदरात फारसे काही पडले नाही आणि बहुतेक जण पुन्हा आपापल्या पॅरिशमध्ये कामाला लागले. १६२०मध्ये ‘मेफ्लॉवर’ जहाजातून अमेरिकेला गेलेल्यांचे आपल्याला फार कौतुक. पण त्यातले धार्मिक प्रवासी इंग्लंडचे चर्चच सोडून गेलेले फुटीर होते आणि अशांची संख्या नगण्य होती. सर्वसाधारण प्युरिटन म्हणजे गावचा पाळक, जमीनदार किंवा पार्लमेंटचा सदस्य. मोक्ष कुणाला मिळणार हे देवाने आधीच ठरवले आहे, या शिकवणीवर त्याचे आणि त्याच्या बिशपांचे एकमत होते. १६११ ते १६३३ या काळात आर्चबिशप असलेला जॉर्ज ॲबट स्वतः कॅल्विनवादी होता आणि झगा न घालणाऱ्या पाळकाकडे अनेकदा काणाडोळा केला जाई. तडजोड टिकली ती या काणाडोळ्यावर. न्यायमूर्ती रानड्यांनी आपल्या संतांच्या चळवळीची युरोपातल्या धर्मसुधारणेशी तुलना केली तेव्हापासून धर्माची चळवळ खालून उठते आणि वरचे राज्य हलवते, हे चित्र आपल्या मनात पक्के बसले आहे. इंग्लंडमध्ये हलवाहलव वरून सुरू झाली.

पहिला चार्ल्स १६२५मध्ये गादीवर आला आणि त्याने आर्मिनियन म्हणवल्या जाणाऱ्या पाळकांना जवळ केले. पूर्वनियतीची शिकवण त्यांना जाचक वाटे. प्रवचनापेक्षा संस्कारविधी आणि त्यांचे सौंदर्य त्यांना मोलाचे होते. १६२८मध्ये राजाने या प्रश्नावरच्या वादालाच मनाई केली. दिसायला हा निःपक्ष हुकूम. पण आजवर जी शिकवण अधिकृत मानली जात होती तिचा व्यासपीठावरून उच्चार करणेच त्यामुळे अडचणीचे झाले. मार्च १६२९मध्ये कॉमन्सच्या सदस्यांनी सभापतीला खुर्चीत दाबून धरले आणि घोषणा मंजूर केली, की धर्मात नवे काही घुसडणारा आणि पार्लमेंटच्या संमतीवाचून कर वसूल करणारा हे दोघेही राज्याचे शत्रू. धर्मात नवे घुसडल्याचा आरोप इथे प्युरिटनांवर नसून राजाच्या माणसांवर आहे, हे बहुतेकांच्या नजरेतून निसटते. चार्ल्सने पार्लमेंट विसर्जित केले आणि अकरा वर्षे बोलावले नाही. १६३३मध्ये ॲबट वारला आणि विल्यम लॉड आर्चबिशप झाला.

लॉडचे धोरण समजून घ्यायचे तर एका टेबलाकडे पाहावे. प्रभुभोजनाचे लाकडी टेबल एलिझाबेथच्या आदेशानुसार एरवी पूर्वेच्या भिंतीशी, जुन्या वेदीच्या जागी ठेवायचे आणि विधीच्या वेळी पुढे आणायचे, असे होते. पण दर वेळी उचलाउचल कोण करणार? बहुतेक गावांत ते कायमचेच मध्ये येऊन राहिले. भाविक त्याच्याभोवती जमत; लहान मुले त्यावर टोप्या ठेवत, हिशेबाचे कागद त्यावर पसरले जात. लॉडला यात विटंबना दिसली. टेबल पूर्वेच्या भिंतीशी वेदीसारखे आडवे, कायमचे लावावे, त्याला कठडा घालावा आणि भाविकांनी कठड्याशी गुडघे टेकून प्रसाद घ्यावा, असा आग्रह सुरू झाला. नोव्हेंबर १६३३मध्ये लंडनच्या सेंट ग्रेगरी चर्चचा तंटा स्वतः राजाने ऐकून भिंतीच्या बाजूने कौल दिला. पुढच्या वर्षीपासून लॉडचे तपासनीस एकेका धर्मप्रांतात फिरू लागले. आपल्याला हा फर्निचरचा वाद वाटेल, पण भाविकांच्या दृष्टीने पंगतीचा गाभारा झाला होता. पाळक पुन्हा मध्यस्थ पुजारी होणार आणि त्यामागून रोम येणार, ही त्यांची भीती होती. लॉड रोमचा हस्तक नव्हता. पण ज्या देशात राणी कॅथलिक आणि तिच्या प्रार्थनाघरात उघड मास होतो, तिथे ही भीती वेडगळ म्हणता येत नाही.

सॉमरसेटमधल्या बेकिंग्टन या गावाचे प्रकरण पाहा. तिथल्या जेम्स व्हीलर आणि जॉन फ्राय या चर्चवॉर्डनांना बिशप विल्यम पिअर्सने टेबल भिंतीशी हलवण्याचा हुकूम केला. चर्चवॉर्डन म्हणजे गावाने निवडलेले कारभारी; छपराची डागडुजी आणि हिशेब ही त्यांची कामे. त्यांनी नकार दिला तो बंडाच्या भाषेत नाही. टेबल इतकी वर्षे याच जागी आहे, आणि १६०४च्या चर्चनियमांत ते पाळकाचा आवाज सर्वांना नीट ऐकू जाईल असे ठेवावे असे लिहिले आहे, म्हणजे कायदा आमच्या बाजूने आहे, असे त्यांचे म्हणणे. बिशपने त्यांना बहिष्कृत केले. त्यांनी वरच्या धर्मन्यायालयात दाद मागितली. पण त्याच्याही वर लॉड बसलेला होता. अखेर दोघे तुरुंगात गेले आणि जाहीर प्रायश्चित्त घेतल्यावर सुटले. गावात वजन असलेली, कायदा पाळणारी माणसे नियमावर बोट ठेवून उभी राहतात आणि राज्य त्यांना गुन्हेगार ठरवते, ही या दशकाची खरी घटना आहे. १६३७मध्ये बिशपांवर टीका लिहिणाऱ्या प्रिन, बर्टन आणि बॅस्टविक यांचे कान कापले गेले, ते पुस्तकांत येते. बेकिंग्टन सहसा येत नाही, आणि तिथेच सामान्य माणूस राजापासून तुटताना दिसतो.

त्याच साली चार्ल्सने स्कॉटलंडवर इंग्रजी वळणाचे नवे प्रार्थनापुस्तक लादले. एडिंबरोच्या सेंट जाइल्स चर्चमध्ये दंगल झाली, १६३८मध्ये लोकांनी राष्ट्रीय करारावर सह्या केल्या आणि युद्ध उभे राहिले. १६४०च्या उन्हाळ्यात स्कॉटांशी लढायला भरती केलेल्या इंग्रज शिपायांनी वाटेत अनेक गावांतल्या चर्चमध्ये शिरून ते नवे कठडे उपटले आणि जाळले. राजाचे सैन्यच राजाच्या धर्मधोरणाची होळी करत चालले होते. युद्धासाठी पैसा हवा म्हणून नोव्हेंबरात पार्लमेंट बोलावणे भाग पडले, आणि तिथे ज्यांच्यावर महाभियोग आला त्यांत लॉड होता, पिअर्सही होता.

इथे आक्षेप येतो, की हे सारे कराचे भांडण होते, धर्म वरचा मुलामा. इतिहासकार ख्रिस्तोफर हिलच्या वाचकांना हा आक्षेप जवळचा वाटेल. नौकाकर जाचक होता आणि तो भरायला नकार देणाऱ्या हॅम्पडनचा खटला गाजला, हे खरेच. पण १६४१च्या उन्हाळ्यापर्यंत नौकाकर रद्द झाला, स्टार चेंबर आणि धार्मिक उच्चायोगाचे न्यायालय बंद झाले, आणि राजाने त्यावर मान्यतेची मोहोर उठवली. या मुद्द्यांवर पार्लमेंट जवळजवळ एकदिलाने उभे होते. भांडण कराचेच असते तर ते इथे संपले असते. दोन पक्ष पडले ते त्यानंतर, आणि चर्चवरून. बिशपपद मुळासकट उपटा, या लंडनच्या अर्जावर सुमारे पंधरा हजार सह्या होत्या. नौकाकराला विरोध करणारा एडवर्ड हाइड बिशपांसाठी राजाकडे गेला. नौकाकराचाच दुसरा विरोधक जॉन पिम याने पार्लमेंटची बाजू धरली. ऑक्टोबर १६४१मध्ये आयर्लंडमध्ये कॅथलिकांचा उठाव झाला आणि तो दडपणाऱ्या सैन्याची कमान राजाच्या हाती द्यायची का, हा प्रश्न आला. वर्षानुवर्षे टेबल हलवत आलेल्या राजावर तो विश्वास कोण ठेवणार? नोव्हेंबरातली तक्रारींची मोठी यादी १५९ विरुद्ध १४८ मतांनी जेमतेम मंजूर झाली. ऑगस्ट १६४२मध्ये चार्ल्सने नॉटिंगहॅमला निशाण उभारले. धर्माने एकट्याने युद्ध घडवले असे मी म्हणत नाही. माणसे कुठल्या बाजूला उभी राहिली ते त्याने ठरवले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. प्युरिटनांच्या हाती सत्ता आल्यावर त्यांनी काय केले? नाटकगृहे बंद केली, १६४५मध्ये प्रार्थनापुस्तकावर बंदी घातली, १६४७मध्ये नाताळ रद्द केला. त्या नाताळला कँटरबरीत दंगल उसळली. प्युरिटनांतल्या प्रेस्बिटेरियनांना लॉडचा साचा नको होता, स्वतःचा हवा होता. हे नाकारण्याचे कारण नाही, आणि प्युरिटनांना सहिष्णुतेचे प्रेषित ठरवण्याचा माझा इरादाही नाही. उलट माझा मुद्दा यानेच बळकट होतो. जुने प्रार्थनापुस्तक आणि नाताळ यांच्यासाठी आता गावोगावची साधी माणसे उभी राहिली, जशी आधी टेबलासाठी राहिली होती. साचा कुणाचा आहे याने फरक पडला नाही. सहिष्णुतेची मागणी आली ती दोन्ही साच्यांनी नाकारलेल्या पंथांकडून आणि सैन्यातल्या स्वतंत्र धर्ममंडळ्यांकडून, आणि प्रेस्बिटेरियन लेखकांनी तिला पाखंड म्हणून झोडपले.

पहिल्या चार्ल्सच्या शिरच्छेदानंतर पुढे राजेशाही परतली तेव्हा दुसऱ्या चार्ल्सला हा धडा घेता आला असता. जून १६६१च्या ज्या विवाहकराराने पोर्तुगालकडून मुंबई त्याच्या पदरात पडली, त्यात इथल्या रहिवाशांना रोमन कॅथलिक उपासनेचे स्वातंत्र्य राहील असे कलम होते. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १६६२मध्ये, त्याच्या राज्यातला एकरूपतेचा कायदा मायदेशी अमलात आला. नव्या प्रार्थनापुस्तकाला संपूर्ण संमती द्यायला नकार देणारे पाळक घालवले गेले. राजा परतल्यापासून अशा रीतीने पदे गमावलेल्यांची संख्या सुमारे दोन हजार झाली. ज्यांना चर्चमध्ये राहूनच ते सुधारायचे होते असे प्युरिटन त्यांत बहुसंख्य होते.