लाभपंचमीनंतरचा सोमवार

वडोद्याच्या दांडिया बाजारात एका सहकारी बँकेची छोटी शाखा होती. बँकेच्या वार्षिक सभेत दरवर्षी कुणीतरी उठून सांगायचं, की 1889 साली याच शहरात विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी अन्योन्य सहकारी मंडळी उभी केली आणि देशातल्या नागरी सहकारी पतसंस्थांची सुरुवात इथल्या मराठी मध्यमवर्गीय घरांतून झाली. टाळ्या पडायच्या. आपल्याच शाखेतल्या माणसाला सांभाळून घेण्याची वेळ आली तेव्हा मात्र यातलं काही कुणाला आठवलं नाही.

शाखेच्या हेड कॅशिअर 2023 च्या फेब्रुवारीत आजारपणाच्या रजेवर गेल्या आणि दिवाळीनंतर परत येणार असं कळलं. मराठी खातेदार त्यांना वहिनी म्हणत, गुजराती खातेदार बेन. आजार कोणता होता ते मी सांगणार नाही. त्यांनी ते चारचौघांत सांगितलं नव्हतं.

मॅनेजरसाहेब मनाने चांगले. त्यांनी केक सांगायचं ठरवलं, दारावर फुगे लावायचे, दोन शब्द बोलायचे आणि वहिनींना 'महिनाभर तरी' आवक-जावकच्या टेबलावर बसवायचं, म्हणजे ताण नको. पासिंग ऑफिसर काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साहेब, एकदा त्यांनाच विचारू का?"

फोन एकट्या काकांनी केला. हे महत्त्वाचं, कारण आठ जणांनी आठ फोन केले असते तर वहिनींना आठ वेळा तीच कहाणी सांगावी लागली असती. तब्येतीच्या खोलात काका गेले नाहीत. त्यांनी तीनच गोष्टी विचारल्या: लोकांना काय सांगायचं, सुरुवातीला किती तास जमेल, आणि काम कुठलं.

वहिनी म्हणाल्या, "रजेवर होते, आता आले, एवढंच सांगा. तीननंतर दम लागतो, तेव्हा पहिले दोन आठवडे लवकर निघेन. आणि काका, मला जावकला बसवू नका. तिथे बसले की लोक माझ्याकडे बघतच राहतील."

"मग कॅश?"

"कॅशही लगेच नको."

काकांना कारण विचारावं लागलं नाही. कॅश काउंटरचं काम मध्येच सोडता येत नाही. एकदा पेटी उघडली की संध्याकाळी जमा-नावे जुळेपर्यंत तो माणूस तिथे बांधलेला, आणि रक्कम कमी पडली तर ती त्याच्याच नावावर. आदल्या दिवसाची व्हाउचरं डे-बुकाशी ताडून पाहण्याच्या कामाचं तसं नाही. त्यालाही जाणकार नजर लागते, चूक निसटली तर बँकेला भुर्दंड पडतो, पण पन्नासाव्या व्हाउचरवर खूण करून उठता येतं आणि उद्या एक्कावन्नपासून बसता येतं. वहिनींना ते पसंत पडलं.

शुक्रवारी काकांना आणखी एक गोष्ट सुचली, जी सहसा कुणाला सुचत नाही. इतके महिने न वापरल्यामुळे वहिनींचा संगणकातला आयडी बंद पडला होता. तो चालू करायला हेड ऑफिसची मंजुरी लागते. सोमवारी त्या आल्यावर अर्ज गेला असता तर दोन दिवस त्या पाहुण्यासारख्या चहा पीत बसल्या असत्या. काकांनी अर्ज त्याच दिवशी पाठवला. मग वहिनींचा खण रिकामा करून घेतला; त्यात तोवर नव्या मुलीचे चार्जर, क्लिपा आणि सुपारीचे डबे साठले होते. शेवटी एका कागदावर नऊ महिन्यांत काय काय बदललं ते लिहून काढलं. पहिलीच ओळ दोन हजारांच्या नोटेची होती. वहिनी गेल्या तेव्हा ती नोट रोज पेटीत येत होती. मे महिन्यात रिझर्व्ह बँकेने ती परत घ्यायची ठरवली आणि 7 ऑक्टोबरनंतर बँकांनी ती घेणं बंद केलं.

लाभपंचमीनंतरच्या सोमवारी वहिनी आल्या. फुगे नव्हते. सगळ्यांच्या घरचा फराळ मधल्या टेबलावर होता, ज्याला हवा त्याने घ्यावा. वहिनींनी नुसता चहा घेतला आणि "एक चकली तरी घ्या" असं कुणी म्हटलं नाही. कर्जविभागातल्या बाईंनी मात्र "अगंबाई, किती उतरलात! माझ्या मावशीलाही असंच..." अशी सुरुवात केलीच. शिपाईमामांनी "बाई, साहेब बोलावतायत" म्हणून त्यांना उठवलं. साहेबांनी बोलावलं नव्हतं. असलं खोटं मला तरी माफ वाटतं.

पहिला आठवडा बरा गेला. दुसऱ्या आठवड्यात वहिनींच्या लक्षात आलं, की त्यांनी निळ्या पेन्सिलीने टिक केलेल्या व्हाउचरांवर बारीक तांबडी टिकही आहे. त्या गेल्यावर कुणीतरी सगळं पुन्हा तपासत होतं. नव्या मुलीला विचारलं तर तिचा चेहराच पडला. "साहेबांनी सांगितलं होतं, वहिनी. तुमच्यावर भार नको म्हणून."

वहिनी काकांकडे गेल्या. आवाज चढला नव्हता, पण हातातला गठ्ठा थरथरत होता. "काका, चूक सापडली का एखादी?"

"नाही."

"मग आजारी माणूस म्हणून दुसरी टिक. घरी बसले होते तेव्हा एवढं आजारी वाटलं नव्हतं."

काका साहेबांच्या केबिनमध्ये गेले. साहेब खरोखर गोंधळले. त्यांनी काळजीपोटीच केलं होतं. काका म्हणाले, "साहेब, काळजी असेल तर त्यांना सांगून करा. नमुन्याला दहा व्हाउचरं तपासायचा नियम लावायचा तर माझ्याही व्हाउचरांना लावा. त्यांच्या पाठीमागे केलं तर ती चौकशी झाली." साहेबांनी दुसऱ्या दिवशी तांबडी टिक थांबवली आणि वहिनींना तसं स्वतः सांगितलं. फार बोलले नाहीत, ते बरं झालं.

त्यानंतर दर शुक्रवारी काका एकच प्रश्न विचारत, "पुढच्या आठवड्यात काही बदलायचंय?" मधल्या दिवसांत कुणी "दमलात का?" म्हणायचं नाही, असं त्यांनी बाकीच्यांना बजावलं होतं. दोनदा वहिनी "नाही" म्हणाल्या. एकदा म्हणाल्या, उलट अर्धा तास कमी करा, मागच्या आठवड्यात जास्त झालं. काकांनी तेही तेवढ्याच सहज लिहून घेतलं. तब्येत एका सरळ रेषेत सुधारत नसते, आणि मागे आलेलं पाऊल सांगायला माणसाला लाज वाटू नये, म्हणून तर तो प्रश्न ठरलेल्या वारी येत होता.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी उत्तर वेगळं आलं. "सोमवारपासून किल्ली घेते."

स्ट्राँगरूमच्या किल्ल्या दोघांकडे असतात, एकाला एकट्याने दार उघडता येत नाही. ताबा बदलायचा तर सगळी कॅश नोटेनोट मोजून किल्ल्यांच्या रजिस्टरात दोघांनी सही करायची. साहेब म्हणाले, वहिनींसाठी नुसती बंडलं मोजून घेऊ. वहिनींनीच नकार दिला. सोमवारी पूर्ण मोजणी झाली, सुट्ट्या चिल्लरसकट, आणि मग सही.

त्याच दुपारी खंडेराव मार्केटचे एक जुने भाजीवाले काउंटरवर आले. जुन्या पाकिटात सापडलेली दोन हजारांची एक नोट त्यांनी पुढे सरकवली. वहिनी म्हणाल्या, "काका, आता आम्ही नाही घेऊ शकत. अमदावादला रिझर्व्ह बँकेच्या ऑफिसात बदलून मिळेल, नाहीतर पोस्टाने तिकडे पाठवा, पैसे तुमच्या खात्यात जमा होतील. फॉर्म मी काढून देते."

म्हातारबुवांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "बेन, आटला दिवस क्यां हता?"

"रजेवर होते," वहिनी म्हणाल्या. "पासबुक द्या, खाते नंबर लिहायचाय."