पाझर

ओढ्याकाठी 'पाझर तलाव' अशी पत्र्याच्या अक्षरांची जुनी पाटी होती. वाऱ्यापावसात 'तलाव' गळून पडला, 'पाझर' तेवढा उरला. गावाने पाणलोटाचं काम हाती घेतलं, तेव्हा ग्रामसभेत ठरलं की नव्या पाटीवर पैसा घालायचा नाही. हीच तीन अक्षरं कामाचं नाव. प्रत्येकाला शब्द तेवढा लावायचा.

"त्यापेक्षा 'पाणी' नाव द्या की," एक पोरगा म्हणाला.

"मग 'ण'पासून सुरू होणारा शब्द आण," गुरुजी म्हणाले. "'जळ' म्हणशील, तर 'ळ'वर अडशील."

तरुण मंडळाच्या अध्यक्षाने फोड सांगितली, "पाणी झटपट रोखू!" टाळ्या पडल्या. सरपंच लिहायला लागले.

मागून विहिरी खोदणारे तात्या उठले. "झटपट म्हंजे कुठं रोखणार?"

"ओढ्यात, तात्या. सिमेंटचा बांध महिन्यात उभा राहील."

"आन् माथा उघडाच? डोंगराची माती उतरंल आन् बांध गाळानं भरंल. मागचा तसाच भरला. पाझर म्हंजे सावकाश मुरणं. तुमचा 'झ' त्याच्या उलटं बोलतोय."

तात्यांचं खरं होतं. पाणलोटाचं काम माथ्यापासून पायथ्याकडे येतं. उलट केलं की गाळ पदरी पडतो. गुरुजींनी मग एक कसोटी घातली. अक्षरापुढे जो शब्द येईल त्याचं काम कोणतं, ते कुठे आणि कोण करणार, हे सांगता आलं पाहिजे. 'झेप' आली, 'झुंज' आली. दोन्हींपुढे कुणाला काही लिहिता येईना.

'पा'चं काम सोपं निघालं. पाणी माथ्यावरच अडवायचं, दोन फूट रुंद आणि एक फूट खोल सलग समतल चरांत. आखणी पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने, दोन्ही टोकांची पातळी जुळवून. चराला उतार राहिला तर पाणी एका टोकाला धावतं आणि तिथेच चर फुटतो.

"चरातली माती खालच्या अंगाला टाकणार ना?" बचत गटातल्या काकूंनी विचारलं. "तिच्यावर झाडं लावू. मुळं माती धरतील."

"शेळ्या ठेवतील होय ती?" कुणीतरी म्हणालं.

त्यातून 'र' सापडला. रान राखायचं, माथ्यावर चराईबंदी करायची. शेळ्यावाल्यांची कुरकुर झाली. गवत कापून न्यायची मुभा मिळाल्यावर तेही तयार झाले. आराखड्यात आधी झाडंही नव्हती आणि चराईबंदीही नव्हती. सिमेंटच्या बांधाचा खर्च पुढे ढकलून पैसा माथ्याकडे वळवला गेला.

पाणी, झाडं, रान. समितीच्या वहीत आजही तीनच खाती आहेत: पा, झ आणि र. ज्या खर्चाला यांतलं एकही खातं लागत नाही, तो ग्रामसभा मंजूर करत नाही.