तीस दिवसांना घाबरून पळवाट शोधणाऱ्यांनो

दोघंही शिकलेले, दोघंही पुण्यात नोकरीला. तू सोलापूरचा, हिंदू घरातला. ती वसईची, ख्रिश्चन घरातली. आणि आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय तुम्ही कोणाच्या सल्ल्यानं घेत होतात? नोंदणी कार्यालयाबाहेर फाईल घेऊन बसणाऱ्या एजंटच्या! तो म्हणाला, मंदिरात हार घाला, पालिकेत नोंदणी करा, एका दिवसात ‘कोर्ट मॅरेज’. धर्माचं नंतर बघू. तुम्ही मान डोलावलीत आणि वर मला विचारायला आलात, ‘मॅडम, चालेल ना?’

नाही चालणार. हिंदू विवाह कायद्याखाली लग्न व्हायला वधू आणि वर दोघंही त्या कायद्याच्या अर्थानं हिंदू असावे लागतात. एक हिंदू आणि एक ख्रिश्चन असताना मंदिरात झालेलं, त्या कायद्याखाली नोंदवलेलंही लग्न सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये मुळापासून अवैध ठरवलं. नोंदणीचा कागद झालेल्या लग्नाचा पुरावा असतो, अवैध लग्नाला तो वैध करत नाही. उद्या यातल्या एकाचा मृत्यू झाला आणि दुसऱ्यानं पेन्शन किंवा घरावर हक्क सांगितला, तर नातेवाइकांचा वकील पहिला घाव याच कागदावर घालेल. आणि तीस दिवस वाचवायला मनात नसताना धर्म बदलायचा, हे तर दोन्ही धर्मांची थट्टा करणं आहे.

तुमच्यासाठी रस्ता आहे, १९५४ चा विशेष विवाह कायदा. त्यात कोणालाही धर्म बदलावा लागत नाही. नोटिशीच्या कायद्यातल्या नमुन्यात नाव, वैवाहिक स्थिती, व्यवसाय, वय, पत्ता आणि तिथं किती दिवस राहता एवढंच विचारलंय. धर्माचा रकानाच नाही. हा कायदा तुम्ही वाचलात का? नाही. ‘तीस दिवस’ हे दोनच शब्द ऐकलेत आणि गळपटलात.

आता नीट ऐका. नोटीस ज्या जिल्ह्यात द्यायची, तिथं तुमच्यापैकी किमान एकजण लागोपाठ तीस दिवस राहिलेला हवा. तुम्ही दोघं पुण्यात राहता, म्हणून पुण्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे. समजा, २ जूनला नोटीस दिली आणि त्याच दिवशी ती फलकावर लागली. तिथून तीस दिवस आक्षेपांसाठी थांबावं लागतं, त्यानंतरच लग्न लागतं. नोटीस-वहीत तिची नोंद होते आणि ती वही कोणीही फुकट पाहू शकतो. शिवाय तुमचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यात असेल, तर एक प्रत तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथल्या फलकावर लागते. म्हणजे एक सोलापूरला, एक पालघरला. हे गुपचूप होईल अशी समजूत आधी डोक्यातून काढा. घरी सांगायचं असेल तर नोटिशीआधी सांगा, फलक वाचून आलेल्या शेजाऱ्यानं सांगण्यापेक्षा ते बरं. धोका वाटत असेल तर पोलीस संरक्षणाचा अर्जही आधीच तयार ठेवा. २०१८ च्या शक्ती वाहिनी निकालात सर्वोच्च न्यायालयानं अशा जोडप्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत विशेष कक्ष करायला सांगितलं आहे. मात्र पत्ता खोटा देऊ नका. खोटी माहिती दिली तर गुन्हा तुमच्यावर दाखल होईल आणि विरोधकांना आयतं कोलीत मिळेल.

फलकावरच्या या तीस दिवसांत आक्षेप कोणीही घेऊ शकतो, पण कशावरही नाही. दोघांपैकी कोणाचा जोडीदार हयात आहे, कोणी वैध संमती देण्याच्या मानसिक स्थितीत नाही, मुलाचं वय २१ किंवा मुलीचं १८ पूर्ण नाही, किंवा दोघं निषिद्ध नात्यातले आहेत, एवढीच कारणं कायद्याला मान्य आहेत. ‘आमची संमती नाही’ हे त्यात नाही. ‘पोरीला फूस लावली’, ‘धर्म वेगळा आहे’ हेही नाही. आईवडिलांचं संमतिपत्र आणा असं खिडकीवर कोणी म्हणालं, तर कोणत्या कलमाखाली ते लेखी मागा. कायद्यात तशी अट नाही.

समजा, २८ जूनला तुझ्या काकांनी लिहून दिलं की मुलीचं आधी लग्न झालंय. मग विवाह अधिकाऱ्याला चौकशी करावीच लागेल, आणि आक्षेपापासून तीस दिवसांत ती संपवावी लागेल, म्हणजे २८ जुलैपर्यंत. आक्षेप बिनबुडाचा आणि बदहेतूनं घेतलेला निघाला, तर अधिकारी आक्षेप घेणाऱ्याला एक हजार रुपयांपर्यंत खर्च भरायला लावू शकतो. त्यानं लग्न लावायला नकार दिला, तर तीस दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील करा. आणि हे विसरू नका, की नोटिशीपासून तीन महिन्यांत, म्हणजे सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत, लग्न झालं नाही तर नोटीस बाद होते. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. अपील केलं असेल तर मात्र ही मुदत न्यायालयाच्या निकालापासून मोजतात. म्हणून आक्षेप आला की गप्प बसून राहू नका, कागद घेऊन लगेच कार्यालयात जा.

लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार आणा. तुम्ही आणि साक्षीदारांनी जाहीरनाम्यावर सह्या केल्या, अधिकाऱ्यासमोर एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारल्याचं तोंडानं म्हटलं आणि प्रमाणपत्रावर सह्या झाल्या, की लग्न पक्कं. ते प्रमाणपत्र लग्न झाल्याचा निर्णायक पुरावा असतं. त्यानंतर हवं तर मंदिरात जा, चर्चमध्ये जा.

नंतरच्या हक्कांचं तर तुम्ही विचारलंही नाहीत! तुझे काका म्हणतात, तुझा वाडवडिलांच्या जमिनीतला हिस्सा गेला. धादांत खोटं. या कायद्याखाली हिंदू माणसानं दुसऱ्या धर्मातल्या व्यक्तीशी लग्न केलं, की तो एकत्र कुटुंबातून विभक्त झाला असं मानतात. हिस्सा घेऊन विभक्त, हिस्सा सोडून नाही. वडिलांचा वारस म्हणून असलेला तुझा हक्कही शाबूत राहतो. तिला आडनाव बदलायची सक्ती नाही. घटस्फोट लागलाच तर न्यायालयातूनच, आणि एरवी लग्नाला वर्ष होण्याआधी अर्जही करता येत नाही.

खरा फरक वारशात पडतो, आणि तो तुला कोणी सांगितला नसेल. लग्नानंतर तुझ्या मालमत्तेचा वारसा १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानं ठरेल. तू मृत्युपत्र न करता गेलास आणि मुलं असतील, तर एक तृतीयांश पत्नीला आणि दोन तृतीयांश मुलांना. तुझ्या आईला काहीही नाही. हिंदू वारसा कायद्यानं तिला पत्नी आणि मुलांइतकाच वाटा मिळाला असता. ज्या आईनं तुला शिकवलं, तिचा हा वाटा तुझ्या सहीनं जाणार आहे, आणि तुला ते ठाऊकही नव्हतं. म्हणून लग्नाच्या प्रमाणपत्राची शाई वाळताच मृत्युपत्र करा, दोघांनीही.

कायद्यातली ही नोटीस जाचक आहे, हे मला मान्य आहे. मंदिरात किंवा चर्चमध्ये स्वधर्मीयाशी लग्न करणाऱ्याचं नाव सरकारी फलकावर आक्षेपासाठी टांगलं जात नाही, तुमचं टांगलं जातं. हा अन्याय बदलायलाच हवा. पण तो बदलेपर्यंत पळवाटेनं तुमचंच नुकसान आहे. उद्या त्या एजंटकडे जाऊ नका. वयाचे आणि पत्त्याचे पुरावे घ्या, विवाह अधिकाऱ्याकडे जा, नोटीस द्या आणि पोच घेऊन बाहेर पडा.