पहिल्या ओळीचा मान

कराडच्या वसंताने लाकडी घाण्याच्या तेलाचं दुकान काढायचं ठरवलं. मुहूर्त दसऱ्याचा. दोन हजार पत्रकं छापून पेपरातून घरोघर टाकायची, असा बेत होता. मजकूर त्याच्या वडिलांनी, अण्णांनी, स्वतः बसून लिहिला आणि वसंत तो कागद घेऊन दत्तूकाकांच्या प्रेसमध्ये गेला.

कागदावर सर्वांत वर गणपतीचं आणि कुलदैवताचं नाव होतं. खाली ‘भव्य शुभारंभ’. मग ‘आपणांस कळविण्यास अत्यंत आनंद होतो की’ असं सुरू होऊन सहा ओळींनी संपणारं एक वाक्य. त्यानंतर उद्घाटक आमदार, प्रमुख पाहुणे, विशेष उपस्थिती आणि निमंत्रक मिळून अकरा नावं. त्याखाली घाण्याच्या तेलाचे फायदे. तळाशी बारीक अक्षरात ‘५ लिटर खरेदीवर १० टक्के सूट, अटी लागू’ आणि त्याहून बारीक पत्ता : गाळा नंबर, कॉम्प्लेक्सचं नाव, सर्व्हे नंबर. फोन अगदी कोपऱ्यात.

काकांनी काही न बोलता मजकूर कॉम्प्युटरवर लावला आणि एक प्रूफ काढलं. तेवढ्यात शेजारच्या हॉटेलातून सुमनमावशी चहा घेऊन आल्या. काकांनी प्रूफ त्यांच्यासमोर धरलं, मनात पाच मोजले आणि पालथं केलं.

“मावशी, काय वाचलंत?”

“कुणाचा तरी कार्यक्रम आहे. आमदार यायलेत.”

“दुकान कसलं आहे?”

“दुकान आहे होय?” मावशींनी कप ठेवला आणि त्या गेल्या.

वसंताचा चेहरा पडला. काका म्हणाले, “पेपर उघडला की पत्रक खाली पडतं. उचलता उचलता माणूस ठरवतो, वाचायचं की रद्दीत टाकायचं. तेवढ्या वेळात त्याच्या मनात एवढंच येतं : हे काय आहे? माझा काय फायदा? कधीपर्यंत? कुठं? याच क्रमाने उत्तरं दे. अक्षरही त्याच क्रमाने लहान होत जाऊ दे.”

“मग वर दुकानाचं नाव मोठं टाकू?”

“तुझं नाव गावाला अजून माहीत नाही. माहीत नसलेलं नाव मोठं केलं तरी अनोळखीच राहतं. तुझ्याकडे असं काय आहे, जे किराणा दुकानात मिळत नाही?”

वसंत विचार करून म्हणाला, “घाणा दुकानातच आहे. शेंगदाणे टाकताना आणि तेल पडताना गिऱ्हाइकाला दिसतं. लिटरभर तेलाला अडीच किलोच्या आसपास शेंगदाणे लागतात, हेही दाखवता येतं.”

“हेच वर घे. भेसळीची भीती सगळ्यांना आहे. ‘शुद्ध’ हा शब्द डब्याडब्यावर असतो, त्यावर कोण विश्वास ठेवतो? समोर काढलेलं म्हटलं की शुद्ध म्हणायची गरज उरत नाही.” काकांनी टाइप केलं : तुमच्यासमोर काढलेलं शेंगदाणा तेल. चार शब्द, ४८ पॉइंटमध्ये.

मग ते सवलतीकडे वळले. “नव्या दुकानात पहिल्याच फेरीला पाच लिटर तेल कोण घेईल? आधी चव बघायला लिटरभर नेतील. सवलत त्या लिटरवर हवी. लिटर कितीला देणार?”

“३४० रुपये.”

“दहा टक्के म्हणजे ३४ रुपये. शंभर ग्रॅम शेंगदाणा चटणी तुला कितीला पडते?”

“पंचवीसच्या आत. घरीच करतो आम्ही.”

“मग चटणी दे. टक्क्यांचा हिशेब करावा लागतो, चटणी लगेच डोळ्यांसमोर येते. खर्चही कमी. आणि ‘अटी लागू’ काढून टाक. ते वाचलं की माणसाला वाटतं, यात काहीतरी गोम आहे. अट असेल ती उघड लिही : एका घराला एकदा, पत्रक सोबत आणा, वसुबारसेपर्यंत. फराळाच्या तेलाची खरेदी तेवढ्यातच होते.”

पत्त्यातला सर्व्हे नंबर गेला आणि ‘दत्त चौक, बँकेसमोर’ आलं. गावात माणूस खुणेनं दुकान शोधतो, गाळा नंबर पोस्टमनला लागतो. फोन नंबर पाच-पाच आकड्यांत तोडून ठळक केला. तेलाच्या फायद्यांचा परिच्छेद पूर्ण गेला.

दुसरं प्रूफ निघालं. कप न्यायला आलेल्या मावशींना पुन्हा पाच मोजेपर्यंत दाखवलं.

“तेल आहे. समोर काढून देतात. चटणी फुकट. बँकेसमोर.” मग त्यांनीच विचारलं, “पण कितीला लिटर?”

काका हसले. “बघ, भाव राहिलाच. भाव दिसला नाही की लोक महागच धरून चालतात.” भाव सवलतीच्या ओळीतच बसवला. शेवटी काकांनी प्रूफवरून वाचून नंबर फिरवला आणि वसंताचा फोन वाजला. “हे केल्याशिवाय मी छपाईला सोडत नाही. एक आकडा चुकला तर दोन हजार कागद दुसऱ्याच्याच घरी फोन लावतात.”

पत्रक असं झालं :

तुमच्यासमोर काढलेलं शेंगदाणा तेल
१ लिटर ३४० रुपये, सोबत १०० ग्रॅम शेंगदाणा चटणी मोफत
वसुबारसेपर्यंत. एका घराला एकदा. हे पत्रक सोबत आणा.
मातोश्री लाकडी घाणा, दत्त चौक, बँकेसमोर
फोन व व्हॉट्सअॅप : ××××× ×××××
शुभारंभ दसऱ्याला सकाळी १० वाजता. रोज सकाळी ९ ते रात्री ८.

घरी अण्णा भडकले. “देवाचं नाव नाही, आमदारांचं नाव नाही! लोक काय म्हणतील?”

वसंत पुन्हा काकांकडे. काका म्हणाले, “अण्णांचं चुकत नाही, त्यांनी निमंत्रणपत्रिका लिहिली आहे. पाहुण्यांना आपलं नाव पत्रिकेत हवं असतं, गिऱ्हाइकाला तेल हवं असतं. एकाच कागदात दोघांना बसवलं की दोघंही अर्धवट राहतात.” त्यांनी अण्णांचा मजकूर जसाच्या तसा, गणपतीसकट, साठ पत्रिकांवर छापून दिला.

अण्णांनी त्या पत्रिका हातोहात वाटल्या. दसऱ्याला पाहुणे आले, नारळ फुटला, हारतुरे झाले. दुसऱ्या दिवसापासून पत्रकं हातात घेऊन बायामाणसं येऊ लागली. घेतलेलं प्रत्येक पत्रक वसंत गल्ल्याशेजारच्या तारेला टोचत असे. कोणत्या पेठेतून किती आली, हे तो मागच्या बाजूला लिहून ठेवी, म्हणजे पुढच्या खेपेला कुठं टाकायची ते कळणार होतं. वसुबारसेला तार भरली होती. अण्णांनी ती हातात घेतली, पत्रकं चाळली आणि म्हणाले, “पुढच्या वर्षी करडईच्या तेलाचं पत्रक काढू. पण त्यात माझं नाव नको.”

पत्रकाने माणूस एकदा दारात येतो, दुसऱ्यांदा त्याला तेलच आणतं. पण पहिल्यांदा यायला त्याला कारण लागतं आणि ते कारण पहिल्या ओळीत असावं लागतं.

तात्पर्य : पत्रकातला पहिल्या ओळीचा मान लिहिणाऱ्याचा नसतो, पाहुण्याचाही नसतो, तो वाचणाऱ्याच्या पहिल्या प्रश्नाचा असतो.