पोस्टरवरचा आकडा आणि त्याचा छेद

अमेरिकेतल्या ‘सुझन जी. कोमेन’ या संस्थेने २०११ साली स्तनकर्करोगाविषयी एक जाहिरात काढली. रोग लवकर सापडला तर पाच वर्षे जगण्याचे प्रमाण ९८ टक्के, नाही तर २३ टक्के; तेव्हा तपासणी करून घ्या, असा तिचा मथितार्थ. मांडणीच्या दृष्टीने ती चोख होती. दोनच आकडे आणि एकच सांगणे. तरीही पुढच्याच वर्षी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये स्टीव्हन वोलोशिन आणि लिसा श्वार्ट्झ यांनी ती दिशाभूल करणारी ठरवली, आणि त्यांचे म्हणणे मला पूर्ण पटते.

दोष कुठे आहे ते एका उदाहरणाने कळेल. समजा, शंभर स्त्रियांना साठाव्या वर्षी गाठ हाताला लागली आणि त्या सगळ्या चौसष्टाव्या वर्षी गेल्या. पाच वर्षे जगण्याचे प्रमाण शून्य. याच स्त्रियांची मॅमोग्राफी झाली असती, तर रोग सत्तावन्नाव्या वर्षीच सापडला असता. त्या तरीही चौसष्टाव्या वर्षीच गेल्या, असे धरा. आता तेच प्रमाण शंभर टक्के होते. आयुष्य एका दिवसानेही वाढलेले नाही. फक्त घड्याळ आधी सुरू झाले. शिवाय कधीच त्रास न देणाऱ्या गाठीही तपासणीत सापडतात. त्या सगळ्या ‘वाचलेल्यां’त जमा होतात आणि टक्केवारी आणखी फुगते. म्हणून तपासणीचा उपयोग मोजायचा तर निदान झालेल्यांपैकी किती जगल्या हे विचारून भागत नाही. तपासणी केलेल्या आणि न केलेल्या अशा सगळ्या स्त्रियांमध्ये किती जणी या रोगाने दगावल्या, हे विचारावे लागते. छेद बदलला की आकड्याचा अर्थच बदलतो.

जर्मनीत गेर्ड गिगेरेंझर यांच्या हार्डिंग केंद्राने याच विषयाचा तक्ता केला, तो या कसोटीला उतरतो. पन्नाशीपुढच्या हजार स्त्रिया, सुमारे दहा वर्षांचा काळ. तपासणी न केलेल्यांत स्तनकर्करोगाने पाच मृत्यू, केलेल्यांत चार. त्याच तक्त्यात तोटाही आहे: सुमारे शंभर जणींना खोटी धास्ती आणि पाच जणींवर अनावश्यक उपचार. हीच गोष्ट ‘मृत्यू २० टक्क्यांनी घटतात’ अशी सांगितली तर तीही खरीच. पण पाचाचे चार झाले, हे त्यात दिसत नाही.

मात्र प्रामाणिक तक्ता भिंतीवर लावला की आपोआप चांगले पोस्टर होत नाही. हजार ठिपक्यांच्या चित्रात वाचलेल्या जिवाचा ठिपका एक आणि खोट्या धास्तीचे शंभर. सगळे एकाच आकाराचे ठेवले, तर डोळ्याला धास्तीच मोठी वाटते. पण पुन्हा एक्स-रे काढावा लागणे आणि जीव जाणे यांचे वजन एक नाही. म्हणून आधी मृत्यूंची तुलना, तिच्याखाली वेगळ्या चौकटीत तोटे, आणि दोन्हींचा छेद तोच, हा क्रम मला योग्य वाटतो. काय आधी दिसते, हाही प्रामाणिकपणाचाच भाग आहे.

आपल्याकडचा दाखला मुंबईचा आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून झोपडपट्ट्यांतल्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी केली. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: पन्नाशीपुढच्या स्त्रियांत स्तनकर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी. मॅमोग्राफीच्या यंत्राशिवाय हे साधले, ही मोलाची गोष्ट. पण पोस्टरवर नुसते ‘३० टक्के’ छापले तर? मूळ दर वर्षाला लाख स्त्रियांमागे साधारण ३५ आणि २५ मृत्यू असे होते. म्हणजे दहा हजार स्त्रिया दहा वर्षे पाहिल्या, तर ३५ ऐवजी २५. मी पोस्टरवर हेच मोठ्या अक्षरात घालीन. ‘पन्नाशीपुढे’ हे शब्दही तेवढ्याच मोठ्या अक्षरात हवेत. कारण पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत मृत्यू ठामपणे घटलेले दिसले नाहीत, आणि सगळ्या वयांची मिळून १५ टक्क्यांची घटही संख्याशास्त्रीय कसोटीला पुरेशी उतरली नाही.

यावर आक्षेप येतो की इतके खरे सांगितले तर बायका दवाखान्यात यायच्याच नाहीत. हा आक्षेप दोन वेगळ्या स्त्रियांना एक समजण्यातून येतो. जिच्या हाताला गाठ लागली आहे, तिला आकड्यांची गरजच नाही. तिच्या पोस्टरवर ‘गाठ लागली तर आजच डॉक्टरांना दाखवा’ एवढेच ठळक हवे, आणि त्यात काहीही सौम्य करू नये. जिला कसलाही त्रास नाही, तिला आपण निरोगी असताना तपासणीला बोलावतो. तिला फायदा आणि तोटा एकाच छेदावर मांडून दाखवणे हे आपले देणे आहे. ही दोन पोस्टरे वेगळी छापली, तर पहिल्यातली तातडी टिकवण्यासाठी दुसऱ्यातला आकडा फुगवावा लागत नाही.